लग्न, रवी, चंद्र तेच. मग भाग्यबिंदू तीन ठिकाणी का?

प्रश्न: मुलीचा जन्म पुण्यात 20 जानेवारीला रात्री सव्वा वाजता झाला. तूळ लग्न 12 अंश 20 कला, रवी मकरेत 5 अंश 10 कला, चंद्र वृश्चिकेत 8 अंश 25 कला. एका अ‍ॅपवर Part of Fortune सिंहेत 15 अंशांवर दिसतो, दुसऱ्यावर धनूत 9 अंशांवर. आमच्या गुरुजींनी पुण्यसहम मकरेत 9 अंशांवर काढून दिलं. लग्न, रवी, चंद्र तिघांकडे सारखेच आहेत. मग चूक कोणाची? हे हाताने कसं काढतात? जानेवारीत पहिला वाढदिवस आहे, तेव्हा वर्षफळही करून घ्यायचं आहे.

उत्तर:

बेरीज-वजाबाकीत चूक बहुधा कोणाचीच नाही. तिघांनी तीन वेगळे नियम वापरले आहेत. मी स्वतः या पत्रिकेत धनू 9 अंश 5 कला हेच स्थान धरेन. का ते सांगतो, पण त्यासाठी सूत्र बाजूला ठेवून आधी हा बिंदू म्हणजे काय ते पाहायला हवं. सूत्र पाठ असणारे पुष्कळ असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

भाग्यबिंदू हा ग्रह नाही. आकाशात तिथे काही दिसत नाही. ते एक अंतर आहे, एका ठिकाणी मोजून दुसऱ्या ठिकाणी टाकलेलं. दोरीने रवीपासून चंद्रापर्यंतचं अंतर राशींच्या क्रमाने मोजा, तीच दोरी उचलून तिचं एक टोक लग्नाच्या अंशावर धरा आणि पुन्हा राशींच्याच क्रमाने पसरा. दुसरं टोक जिथे पडेल तिथे भाग्यबिंदू. म्हणजे रवीपासून चंद्र जितका पुढे, लग्नापासून भाग्यबिंदू तितकाच पुढे. ‘लग्न अधिक चंद्र वजा रवी’ हे याच कृतीचं आकड्यांत लिहिलेलं रूप आहे.

ही कल्पना मुळात अरबांची नाही, ग्रीकांची आहे. ग्रीकमधला शब्द ‘क्लेरोस’, म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. अरबीत त्याचं ‘सह्म’ झालं, आणि अरबी-फारशी ज्योतिष संस्कृतात आलं तेव्हा त्याचं ‘सहम’ झालं. ताजिक म्हणतात ती हीच शाखा. तुमच्या गुरुजींचं पुण्यसहम आणि अ‍ॅपवरचा Part of Fortune ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. ताजिकाचा आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा ग्रंथ नीलकंठ दैवज्ञांनी 1587 मध्ये लिहिला. त्यांचं घराणं मूळचं विदर्भातलं, पुढे काशीला गेलेलं.

आता पहिला फरक, सिंह आणि धनू यांच्यातला.

जुन्या परंपरेत दिवसाचा राजा रवी आणि रात्रीचा राजा चंद्र. ज्याचं राज्य, त्याच्यापासून मोजायला सुरुवात करायची. दिवसाचा जन्म असेल तर रवीपासून चंद्रापर्यंत मोजा, रात्रीचा असेल तर चंद्रापासून रवीपर्यंत. दोन्ही वेळा मोजलेलं अंतर लग्नापासून पुढे टाका. म्हणून दिवसाचं सूत्र लग्न अधिक चंद्र वजा रवी, आणि रात्रीचं लग्न अधिक रवी वजा चंद्र. दुसऱ्या शतकातला वेटियस व्हॅलेन्स असंच करतो, चौथ्या शतकातला पौलुस असंच करतो, अरबी ग्रंथकारही बहुतेक असंच करतात आणि नीलकंठही.

वेगळी वाट धरली ती टॉलेमीने. त्याच्या मते रात्र असो वा दिवस, मोजायचं रवीपासून चंद्रापर्यंतच. त्याचं कारणही सरळ आहे. रवीचं लग्नाशी जे नातं, तेच चंद्राचं या बिंदूशी असावं, म्हणजे हा बिंदू जणू चंद्राचं स्वतःचं लग्न ठरतो. टॉलेमीचा दबदबा मोठा, त्यामुळे युरोपातल्या पुष्कळ ज्योतिष्यांनी पुढे हेच एक सूत्र धरलं. आपल्याकडे कृष्णमूर्ती पद्धतीने काम करणारे ज्याला ‘फॉर्च्युना’ म्हणतात, तोही बहुतेक जण असाच एका सूत्राने काढतात. तुमचं पहिलं अ‍ॅप या वाटेने गेलं, दुसरं दिवस-रात्र बघून.

तुमच्याच मुलीच्या पत्रिकेवर करून पाहू. आपल्या जुन्या रीतीने, म्हणजे पूर्ण झालेल्या राशी, अंश, कला असं मांडू. तूळ लग्न म्हणजे सहा राशी पूर्ण होऊन सातवी चालू, म्हणून लग्न 6 राशी 12 अंश 20 कला. रवी 9 राशी 5 अंश 10 कला. चंद्र 7 राशी 8 अंश 25 कला.

आधी दिवस की रात्र. लग्नापासून रवीपर्यंत राशींच्या क्रमाने मोजलं तर 82 अंश 50 कला होतात. हे अंतर 180 अंशांच्या आत असलं की रवी क्षितिजाखाली, म्हणजे रात्र. सव्वा वाजताचा जन्म असल्यामुळे इथे शंकेला जागाच नाही, पण पहाटे-संध्याकाळच्या जन्मांत ही मोजणीच निवाडा करते.

रात्र आहे, म्हणून चंद्रापासून रवीपर्यंत. 9 राशी 5 अंश 10 कलांतून 7 राशी 8 अंश 25 कला वजा करायच्या. दहा कलांतून पंचवीस जात नाहीत, म्हणून एक अंश मोडायचा. उरलेल्या चार अंशांतून आठ जात नाहीत, म्हणून एक राशी मोडायची. बाकी 1 राशी 26 अंश 45 कला. त्यात लग्न मिळवलं की 8 राशी 9 अंश 5 कला. आठ राशी पूर्ण, नववी चालू: धनू 9 अंश 5 कला.

तेच उलट केलं, म्हणजे लग्नातून हे 56 अंश 45 कला मागे गेलो, तर सिंह 15 अंश 35 कला येतात. तुमच्या पहिल्या अ‍ॅपचा आकडा हाच.

इथे एक गोष्ट नीट पाहा. धनूतला बिंदू लग्नाच्या 56 अंश 45 कला पुढे आहे, सिंहेतला तेवढाच मागे. लग्नाच्या जागी आरसा धरल्यासारखे ते एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. दिवसाचं आणि रात्रीचं सूत्र नेहमी अशीच जोडी देतात. आणि या जोडीतल्या दुसऱ्याला परंपरेत वेगळं नाव आहे. ग्रीकांकडे तो ‘डायमॉन’चा वाटा, माणसाच्या बुद्धीचा आणि स्वतः होऊन केलेल्या कर्माचा. ताजिकात पुण्यसहमाचं सूत्र उलटं केलं की विद्यासहम येतं. म्हणजे पहिलं अ‍ॅप ज्याला भाग्य म्हणतंय, त्याच अंशाला ताजिकवाला मूळ मोजणीने विद्या म्हणेल. दोन्ही बिंदू खरे आहेत, नावांची अदलाबदल झाली आहे. मी दिवस-रात्र पाहतो याचं मुख्य कारण हेच: तसं केलं नाही तर रात्रीच्या प्रत्येक पत्रिकेत या दोघांची नावं एकमेकांना चिकटतात.

या आरशावरून तोंडी ताळा करायची एक युक्ती मिळते. अमावस्येला रवी-चंद्र एकत्र, अंतर शून्य, म्हणून भाग्यबिंदू लग्नावरच. पौर्णिमेला अंतर 180, म्हणून तो सप्तमाच्या टोकाशी. या दोन तिथींना दिवस-रात्रीने काही बिघडत नाही. मध्ये मात्र, दिवसाचा जन्म आणि शुक्ल पक्ष असेल तर बिंदू क्षितिजाखाली पडतो, म्हणजे लग्नापासून सप्तमापर्यंतच्या खालच्या अर्ध्या भागात. दिवस आणि कृष्ण पक्ष असेल तर वरच्या भागात. रात्री याच्या उलट. तुमच्या मुलीची तिथी कृष्ण एकादशी, जन्म रात्रीचा, म्हणजे बिंदू खालीच हवा. तुळेपासून धनू तिसरी. बरोबर आहे. गणित करण्याआधी तिथी विचारायची मला सवयच लागली आहे. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

आता मकर. हे समजायला थोडं अवघड आहे, कारण त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींतून अगदी एकच आकडा येतो.

पहिलं कारण ताजिकातला एक जादा नियम. सहम काढताना जो वजा करायचा तो शोध्य, ज्यातून वजा करायचं तो शुद्ध्याश्रय. शोध्यापासून शुद्ध्याश्रयापर्यंत राशींच्या क्रमाने जाताना लग्न वाटेत लागलं तर आलेलं उत्तर तसंच ठेवायचं. लग्न वाटेत लागलं नाही तर उत्तरात एक राशी, म्हणजे पूर्ण 30 अंश मिळवायचे. तुमच्या मुलीच्या पत्रिकेत शोध्य चंद्र वृश्चिकेत, शुद्ध्याश्रय रवी मकरेत. वृश्चिकेतून मकरेकडे जाताना धनू लागते, तूळ लागत नाही. लग्न वाटेत नाही, म्हणून एक राशी वाढवायची. धनू 9 अंश 5 कलांचे मकर 9 अंश 5 कला झाले. गुरुजींनी नीलकंठीप्रमाणे केलं असेल तर ते नियमाला धरून आहे.

दुसरं कारण साधी गफलत. आपल्या कुंडलीत घरात राशीचा अंक लिहिलेला असतो: वृश्चिकेला 8, मकरेला 10, तुळेला 7. हे चालू राशीचे अंक. गणितात लागतात ते पूर्ण राशींचे, 7, 9 आणि 6. कुंडलीवरचे अंक तसेच उचलले तर 10 वजा 8 अधिक 7, म्हणजे 9 राशी 9 अंश 5 कला. त्याला ‘नऊ राशी पूर्ण’ असं वाचलं की मकर येते. म्हणून नुसता आकडा पाहून गुरुजींनी कोणतं केलं ते कळणार नाही. त्यांना एवढंच विचारा, ‘सैक केलंत का?’ एक राशी मिळवली असेल तर ते लगेच हो म्हणतील आणि कारणही सांगतील.

त्या नियमाबद्दल माझं मत. मी ज्यांच्याकडे शिकलो ते एक राशी मिळवायचे, मीही बरीच वर्षं मिळवत होतो. आता मिळवत नाही. ग्रीक ग्रंथांत ही जादा राशी नाही, पण माझं कारण ते नाही. कारण असं की ती मिळवली की दोरीचा अर्थच उरत नाही. चंद्रापासून रवी 56 अंश 45 कला असताना लग्नापासून सहम 86 अंश 45 कला होतं, आणि ते अंतर आकाशात कशाचंच नाही. त्याहून वाईट म्हणजे सहम उडी मारतं. मुलीचा जन्म सुमारे दोन तास उशिरा झाला असता तर लग्न वृश्चिकेत चंद्राच्या अंशापर्यंत पोचलं असतं. चंद्राची तेवढ्या वेळातली चाल सोडून देऊ. लग्न चंद्राच्या किंचित अलीकडे असताना जादा राशीसह सहम कुंभ 5 अंशांवर येतं, आणि लग्न चंद्राला ओलांडून किंचित पुढे गेलं की नियम लागू होत नाही, सहम मकर 5 अंशांवर. एका मिनिटाच्या अंतराने जन्मलेल्या दोन मुलांची पुण्यसहमं एक राशी लांब. लग्नाने चंद्राला ओलांडणं ही काही दिवस-रात्रीसारखी उलथापालथ नाही, मग एवढा फरक पडायचं कारण काय? मला आजवर पटणारं उत्तर मिळालेलं नाही. तरी हेही सांगतो, की नीलकंठीच्या बाकी फलादेशासकट जे काम करतात त्यांनी तिचा सहमाचा नियमही तिच्यातलाच घ्यावा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं करू नये.

ज्यांना हाताने नको असेल त्यांच्यासाठी स्प्रेडशीटचं एक सूत्र देतो. A2 मध्ये लग्न, B2 मध्ये रवी, C2 मध्ये चंद्र, तिन्ही मेषेच्या आरंभापासून दशांश अंशांत:

```
=MOD(IF(MOD(B2-A2,360)>180, A2+C2-B2, A2+B2-C2), 360)
```

तुमचे आकडे 192.333, 275.167 आणि 218.417. उत्तर 249.083 येईल, म्हणजे 249 अंश 5 कला, म्हणजेच धनू 9 अंश 5 कला. आतला `IF` फक्त रवी वर आहे की खाली एवढंच बघतो.

सायन-निरयनाचं एका वाक्यात सांगून टाकतो. चंद्र वजा रवी करताना अयनांश आपोआप उडतात, म्हणून लग्नापासून बिंदूचं अंतर दोन्हींत तेच राहतं. फक्त बिंदूची राशी लग्नाबरोबर सुमारे 24 अंश पुढे दिसते. एखाद्या पाश्चात्त्य अ‍ॅपवर हाच बिंदू मकरेत 3 अंशांच्या आसपास दिसला तर घाबरू नका, आणि गुरुजींच्या मकरेशी त्याची गल्लत करू नका. चूक होते ती तिघांतला एकच आकडा दुसऱ्या पद्धतीचा घेतला तर. मग उत्तर सरळ 24 अंशांनी हुकतं.

आता मर्यादा, कारण ती तुमच्या वर्षफळाला लागू होणार आहे.

हा बिंदू लग्नाला बांधलेला आहे, आणि लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतं. जन्मवेळेत दहा मिनिटांचा घोळ असेल तर बिंदू दोन-अडीच अंश इकडे-तिकडे. तुमच्या मुलीचा राशीच्या 9 अंशांवर आहे, त्यामुळे एवढ्याने राशी बदलत नाही, राशीस्वामी गुरूच राहतो. जुने लोक या बिंदूचा विचार करताना आधी राशीस्वामीच बघत, तो कुठे आहे, बलवान आहे का, बिंदूला बघतो का. तेवढं वाचन इथे निर्धास्तपणे करता येईल. अंशाअंशाच्या दृष्टींवर मात्र फार भर देऊ नका.

खरी अडचण सूर्योदय-सूर्यास्ताला येते. माझ्याकडे एक पत्रिका आली होती, पुण्याचाच जन्म, ऑक्टोबरचा चौथा आठवडा, शुक्ल अष्टमी, नोंदवलेली वेळ सकाळी साडेसहा. लग्न तूळ 4, रवी तूळ 5. या वेळेला रवी क्षितिजाच्या एक अंश खाली, म्हणजे रात्र, आणि भाग्यबिंदू दशमात कर्केत. पाचच मिनिटांनी रवी वर येतो, दिवस होतो, आणि बिंदू समोरच्या मकरेत चतुर्थात. साडेसहा ही वेळ घड्याळ बघून लिहिली की ढोबळ, ते त्यांच्या आईलाही आठवत नव्हतं. शिवाय पंचांगातला सूर्योदय म्हणजे बिंबाची वरची कड दिसण्याची वेळ असेल, तर ती आणि लग्न-रवी एका अंशावर येण्याची वेळ यांत तीनचार मिनिटांचा फरक पडतो. मी दोन्ही जागा कागदावर लिहून दिल्या आणि भाग्यबिंदूवर काही बोललो नाही. अशा पत्रिकेत बोलूच नये.

वर्षफळात लग्न आणि चंद्र वर्षप्रवेशाच्या क्षणाचे घ्यायचे, आणि दिवस-रात्रही त्याच क्षणाची. जन्म रात्रीचा म्हणून वर्षफळातही रात्रीचं सूत्र लावणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. रवी त्याच अंशावर परत यायला 365 दिवस आणि साधारण 6 तास 9 मिनिटं लागतात. सव्वाचा जन्म असेल तर पहिला वर्षप्रवेश सकाळी 7 वाजून 24 मिनिटांच्या आसपास पडेल. पुण्यात त्या दिवशी सूर्योदय सव्वासातच्या जरा आधी होतो. म्हणजे रवी नुकताच वर आलेला असेल, दिवसाचं सूत्र लागेल, पण जेमतेम. जन्मवेळ वीस मिनिटं आधीची निघाली तर वर्षप्रवेश रात्रीत जाईल आणि पुण्यसहम लग्नाच्या दुसऱ्या बाजूला. म्हणून गुरुजींकडे जाण्याआधी हॉस्पिटलच्या कागदावरची वेळ एकदा पाहून घ्या, ती मिनिटासकट लिहिलेली आहे की ‘1.15’ अशी गोळाबेरीज आहे. आणि वर्षफळ हातात आल्यावर त्या वर्षप्रवेशाची तिथी विचारून बिंदू क्षितिजाच्या वर पडतो की खाली, हे वर सांगितलेल्या रीतीने स्वतः ताडून पाहा.